पडवीत गंजलेला स्टँड आणि पडताळता येणारा रिव्ह्यू

प्रश्न: आम्ही हर्णैला राहतो. घरापासून समुद्र अडीचशे मीटरवर असेल. मे महिन्यात ऑनलाइन मागवलेला ‘एसएस 304, रस्टप्रूफ’ असा कपडे वाळत घालण्याचा स्टँड पडवीत ठेवला होता, तो गणपतीपर्यंत गंजला. मी रिव्ह्यूत लिहिले, ‘कंपनी चोर आहे. लोखंडाला पॉलिश करून 304 म्हणून विकतात. चांगले रिव्ह्यू सगळे विकत घेतलेले आहेत.’ तो रिव्ह्यू काढून टाकला गेला आणि विक्रेत्याने बदनामीची नोटीस पाठवू असा मेसेज केला. मला गप्प बसायचे नाही. काय लिहिले म्हणजे ते टिकेल?

उत्तर:

तुम्ही लिहिलेल्या तीन वाक्यांपैकी एकही वाक्य तुम्ही पाहिलेल्या गोष्टीविषयी नाही. पहिले विक्रेत्याच्या हेतूविषयी आहे, दुसरे धातूच्या रासायनिक घटकांविषयी आहे आणि तिसरे तुम्हाला अनोळखी असलेल्या माणसांनी विक्रेत्याशी केलेल्या व्यवहाराविषयी आहे. ‘स्टँड चार महिन्यांत गंजला’ हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेले एकमेव सत्य मात्र रिव्ह्यूत कुठेच आलेले नाही. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचे काम मी दीर्घकाळ करत आलो आहे आणि रागाने लिहिलेल्या मजकुरात हे सातत्याने दिसते: माणूस थेट निष्कर्षावर उडी मारतो आणि ज्या आधारावर उडी मारली, तो आधार कागदावर येतच नाही.

टिकणाऱ्या रिव्ह्यूसाठी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. विक्रेत्याने काय सांगितले होते ते त्याच्याच शब्दांत, आणि तुमच्याकडे काय घडले ते तुम्ही पाहिले तसे. त्यामागचे कारण आणि विक्रेत्याचा हेतू या दोन जागा, पुरावा नसेल तर, मोकळ्या ठेवायच्या. तुमच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण विक्रेत्याने दोन वेगवेगळी विधाने केली आहेत. ‘304’ हा स्टेनलेस स्टीलच्या एका प्रकाराचा क्रमांक आहे, म्हणजे हे धातूविषयीचे विधान आहे आणि ते खोडण्यासाठी प्रयोगशाळा लागते. ‘रस्टप्रूफ’ हे परिणामाविषयीचे विधान आहे आणि ते खोडण्यासाठी गंज दाखवला की पुरे. तुम्ही अवघड विधानावर हल्ला केलात आणि सोपे विधान सोडून दिलेत.

गंजावरून ‘304 नाही’ असे का म्हणता येत नाही, हे नीट समजून घ्या, कारण विक्रेता नेमके याच ठिकाणी तुम्हाला अडवेल. 304 या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच धातूचे रक्षण करतो. खाऱ्या हवेतील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते. त्यामुळे अस्सल 304 वरही समुद्राजवळ काही महिन्यांत चहाच्या रंगाचे डाग उमटू शकतात. म्हणूनच किनाऱ्यावरच्या कामासाठी दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 सुचवले जाते. आपल्याकडे अनेकांना आणखी एक गोष्ट उलटी वाटते. उघड्यावरच्या वस्तूवर पाऊस पडतो आणि तिच्यावरचे मीठ धुऊन जाते, तर पडवीतल्या वस्तूवर पाऊस पडत नाही, पण खारा वारा मात्र पोचतो. मीठ साचत राहते आणि पावसाळ्यातील दमटपणा त्याला ओले ठेवतो. तुमचा स्टँड पडवीत होता. ‘घरात आडोशाला ठेवूनही गंजला’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला ते तुमच्या बाजूचे वाटेल, पण जाणकार विक्रेता तेच तुमच्यावर उलटवील. ‘तीन बाजूंनी उघड्या, छप्पर असलेल्या पडवीत ठेवला होता’ एवढेच लिहावे.

चुंबकाचेही तसेच आहे. बहुतेक लोक चुंबक लावून पाहतात आणि तो चिकटला की ‘लोखंड’ असा निकाल देतात. पण 430 सारखी काही खरी स्टेनलेस स्टीलही चुंबकाला घट्ट चिकटतात. उलट, कमी निकेलचे आणि जास्त मँगनीजचे स्वस्त 202 सहसा 304 प्रमाणेच चिकटत नाही. शिवाय 304 ची नळी थंड असताना वाकवली किंवा ओढली की वाकाच्या जागी तिच्यात थोडे चुंबकत्व येते. म्हणजे चुंबक चिकटला तरी ‘लोखंड’ सिद्ध होत नाही आणि नाही चिकटला तरी ‘304’ सिद्ध होत नाही. तरीही ही चाचणी फुकट जात नाही. ‘सरळ नळीच्या मधोमध चुंबक घट्ट चिकटला’ हे निरीक्षण म्हणून लिहायला हरकत नाही. ज्याला धातूची माहिती आहे तो त्यावरून योग्य तो अर्थ काढील, आणि तुम्ही मात्र सिद्ध होईल तेवढेच बोललेले असाल.

आता निरीक्षण कसे करायचे ते पाहू. कोकणात पहिली शंका जांभ्याची घ्यावी लागते. जांभ्याच्या भिंतीची आणि अंगणातल्या तांबड्या मातीची धूळ ओल्या धातूवर बसली की ती हुबेहूब गंजासारखी दिसते. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर ओल्या कपड्यांतून निथळलेले पाणीही तांबूस डाग सोडते. म्हणून आधी डागांचा आहे तसा फोटो घ्या. मग साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने स्टँड पुसा, गोड्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि त्याच जागांचे पुन्हा फोटो घ्या. जे पुसून गेले ते गंज म्हणून मोजू नका. जे राहिले त्यावर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून हलकेच चोळा. डाग गेला आणि खालचा पृष्ठभाग नखाला गुळगुळीत लागला, तर तो वरवरचा डाग आहे. नखाला बारीक खड्डे लागले, किंवा वरचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटून खाली काळपट-तांबडा धातू दिसला, तर प्रकरण गंभीर आहे. या दोन्ही अवस्थांना आपण ‘गंजला’ हाच शब्द वापरतो, पण वाचणाऱ्यासाठी त्यांत मोठा फरक आहे, म्हणून दिसले ते वर्णन करून लिहावे. लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका. तिचे सूक्ष्म कण धातूत अडकतात आणि ते स्वतःच गंजतात, मग तुमचा पुरावा तुम्हीच बिघडवलेला असतो. आधीच तशी घासणी वापरली असेल, किंवा ब्लीचमधून काढलेले कपडे स्टँडवर निथळत ठेवले असतील, तर तेही रिव्ह्यूत लिहावे लागेल. आपल्याला गैरसोयीचा तपशील आपणच सांगितला की बाकीच्या तपशिलांचे वजन वाढते, हा माझा अनुभव आहे.

गंज नेमका कुठे आहे ते पाहिल्याशिवाय लिहू नका. अशा स्टँडमध्ये नळ्या एका धातूच्या, स्क्रू दुसऱ्या धातूचे आणि बिजागऱ्या तिसऱ्याच धातूच्या असू शकतात. वेल्डिंगच्या जोडावर उष्णतेने आलेला काळसर-निळसर पट्टा कारखान्यात नीट साफ केला नसेल, तर चांगल्या स्टीललाही गंज तिथूनच सुरू होतो. फक्त स्क्रू गंजले असतील तर ‘स्टँड गंजला’ हे विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. विक्रेता स्वच्छ नळ्यांचे फोटो टाकून तुम्हाला खोटे ठरवील.

विक्रेत्याचे वचनही तितक्याच काळजीने उतरवायचे असते. विक्रीच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख दिसू द्या. पानावरचा मजकूर बदलता येतो, म्हणून तो आजच घ्या. बिल, खोक्यावरचे लेबल आणि वॉरंटी कार्ड यांचेही फोटो काढा. मग शब्द बारकाईने वाचा. ‘स्टेनलेस स्टील’ आणि ‘स्टेनलेस स्टील फिनिश’ यांत फरक आहे. दुसरा शब्दप्रयोग फक्त दिसण्याविषयी बोलतो. ‘304 पाइप’ असे लिहिले असेल तर ते विधान स्क्रूंना लागू होत नाही. ‘समुद्रकिनाऱ्याजवळ वापरू नये’ अशी ओळ वॉरंटीत कुठे आहे का, तेही पाहा. असेल तर ती रिव्ह्यूत उद्धृत करा आणि ती विक्रीच्या पानावर ठळक होती की खोक्यातल्या कागदावर बारीक अक्षरात होती, तेही सांगा. किनाऱ्यावरच्या इतर ग्राहकांना तुमच्या संपूर्ण रिव्ह्यूत हीच ओळ सर्वांत उपयोगाची ठरू शकेल.

या सगळ्यातून तुमचा रिव्ह्यू कसा दिसेल, ते लिहून दाखवतो. तुमच्या प्रश्नात नसलेले तपशील मी केवळ नमुन्यादाखल धरले आहेत. त्यांच्या जागी तुमचे खरे आकडे घाला, आणि जे मोजलेले नसेल ती वाक्ये काढून टाका.

‘विक्रीच्या पानावर “एसएस 304, रस्टप्रूफ” असे लिहिले होते (स्क्रीनशॉट जोडला आहे). स्टँड 12 मे रोजी मिळाला. आमचे घर समुद्रापासून अंदाजे 250 मीटरवर आहे आणि स्टँड छप्पर असलेल्या, तीन बाजूंनी उघड्या पडवीत ठेवला होता. रोज ओले कपडे वाळत घातले. ब्लीच किंवा तारेची घासणी वापरली नाही. जुलैच्या मध्यास वेल्डिंगच्या जोडांवर तांबूस डाग दिसले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात साबणाने धुऊन कोरडा केल्यावर आठपैकी पाच जोडांवर आणि सर्व सहा स्क्रूंवर गंज होता. दोन जोडांवर नखाला खड्डे लागतात. सरळ नळ्यांवर वरवरचे डाग होते, ते सोड्याने निघाले. जोडाजवळ वाळत घातलेल्या एका पांढऱ्या पंचावर गंजाचा डाग पडला, तो निघाला नाही. विक्रेत्याला 8 सप्टेंबरला फोटो पाठवले. उत्तर आले की खाऱ्या हवेतील गंज वॉरंटीत बसत नाही. ही अट मला विक्रीच्या पानावर दिसली नाही. धातू कोणता आहे याची मी तपासणी करून घेतलेली नाही. आमच्याकडच्या वापरात हा स्टँड रस्टप्रूफ ठरला नाही, आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तो घेऊ नये असे माझे मत आहे.’

हा मजकूर तुमच्या पहिल्या तीन वाक्यांपेक्षा विक्रेत्याला अधिक अडचणीचा आहे. ‘चोर’ या शब्दाला तो ‘बदनामी’ असे एका शब्दात उत्तर देऊ शकत होता. ‘आठपैकी पाच जोडांवर’ याला उत्तर द्यायचे तर त्याला जोडांविषयीच बोलावे लागेल. ‘तपासणी करून घेतलेली नाही’ हे वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल, पण ते ठेवा. त्या एका वाक्यामुळे तुम्ही 304 च्या वादातून बाहेर पडता आणि वाद ‘रस्टप्रूफ’वर येऊन थांबतो, जिथे तुमची बाजू भक्कम आहे. ‘उत्तर आले की’ या वाक्यात विक्रेत्याचे म्हणणे त्याच्या मेसेजमधील शब्दांना धरूनच यायला हवे. त्यात ‘उडवाउडवीची उत्तरे दिली’ अशी भर घालू नका. आणि शेवटचे वाक्य हे मत आहे. आधी मांडलेल्या तपशिलांतून ते निघते, म्हणून ते कितीही कडक असले तरी चालते. ‘पैसे वाया गेले’ असेही तुम्ही लिहू शकता.

मताविषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘माझ्या मते’ हे शब्द आधी जोडले म्हणून वस्तुस्थितीविषयीचे विधान मत होत नाही. ‘माझ्या मते हे लोखंड आहे’ यात खरे-खोटे तपासता येईल असे विधान तसेच उभे आहे. ‘इतके रुपये देण्याजोगी ही वस्तू मला वाटली नाही’ हे मात्र खरोखर मत आहे, कारण ते कोणत्याही प्रयोगशाळेत खोटे ठरवता येत नाही. प्रश्नचिन्हाची पळवाटही तशीच निरुपयोगी आहे. ‘हे लोक फसवत तर नाहीत ना?’ असे विचारले तरी वाचणाऱ्यापर्यंत आरोपच पोचतो.

चांगले रिव्ह्यू विकत घेतलेले असल्याचा आरोप पूर्णपणे वगळा. तुम्हाला स्वतःला ‘पाच तारे दिलेत तर पैसे परत’ असे कार्ड खोक्यात मिळाले असेल, तर त्या कार्डाचा फोटो टाका आणि त्यावर काय छापले आहे तेवढेच लिहा. तसे काही मिळालेले नसेल तर इतरांच्या प्रामाणिकपणाविषयी तुमच्याजवळ सांगण्यासारखे काहीच नाही. घाटावर कोरड्या हवेत राहणाऱ्या ग्राहकाचा स्टँड आजही चकचकीत असू शकतो आणि त्याने दिलेले पाच तारे खरे असू शकतात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2024 पासून बदनामीची फौजदारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे आणि तिच्या कक्षेत कंपनीची बदनामीही येते. त्याच कलमात अपवाद दिले आहेत. खरे असलेले आणि लोकहितासाठी सांगणे आवश्यक असलेले विधान, तसेच स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान त्यांत बसते. सद्भावना दाखवायची तर पुरेशी काळजी घेतल्याचे दिसावे लागते, आणि वर सांगितलेले धुणे, मोजणे, फोटो काढणे ही तीच काळजी आहे. खरे लिहिले तरी नोटीस येणारच नाही असे मात्र नाही. मेसेजमधील धमकी आणि वकिलाची नोटीस या वेगळ्या गोष्टी आहेत. नोटीस प्रत्यक्ष आली तर स्वतः उत्तर न देता सगळे फोटो घेऊन वकिलाकडे जा. जुन्या रिव्ह्यूचा मजकूर इतरत्र कुठे टाकलेला असेल तर तो आधी काढा, कारण नवा कितीही काटेकोर लिहिला तरी जुना तुमच्या नावावर राहतो.

304 चा मुद्दा तुम्हाला सोडायचा नसेल तर मार्ग आहे. रत्नागिरीच्या मिरजोळे किंवा खेडजवळच्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत स्टीलचे काम करणाऱ्यांकडे चौकशी केली तर धातूतील घटकांचे प्रमाण मोजणारी स्पेक्ट्रो टेस्ट कुठे करून मिळते ते कळेल. बॅटरी आणि रसायनाचा थेंब लावून रंग पाहण्याची भंगारवाल्यांची चाचणी केवळ अंदाजापुरती आहे, तिच्यावर लेखी विधान उभे करू नका. अहवाल एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा घ्या, आणि नळी, जोड व स्क्रू यांचे नमुने वेगळे तपासून घ्या. निकेल 304 च्या प्रमाणापेक्षा बरेच कमी निघाले, तरी लिहायचे ते असे: ‘मला मिळालेल्या स्टँडच्या नळीचा तुकडा अमुक तारखेला तपासला असता निकेल इतके टक्के आढळले, 304 मध्ये ते साधारण 8 टक्के असते.’ ‘कंपनी 304 म्हणून दुसरेच विकते’ असे तेव्हाही लिहू नये. तुम्ही एक स्टँड तपासलेला असतो, कंपनीचा सगळा माल नव्हे. शिवाय तो तुकडा त्याच स्टँडचा कशावरून, हा प्रश्न विक्रेता विचारू शकतो. या प्रश्नाचे उत्तर ग्राहक आयोगात मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार, तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि 45 दिवसांत अहवाल मागवतो. काही हजारांच्या स्टँडसाठी एवढे करायचे का, हे तुम्ही ठरवा. तोवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथेही हाच रिव्ह्यूचा मजकूर, फोटोंसह, जसाच्या तसा वापरा, म्हणजे दोन ठिकाणी दोन हकिकती होणार नाहीत.

नवा रिव्ह्यू टाकल्यावर विक्रेत्याचा फोन येण्याची शक्यता आहे. स्टँड बदलून दिला किंवा पैसे परत केले, तर जुना मजकूर न खोडता खाली तारीख घालून तेवढे लिहा. गंज पडला हेही खरे आहे आणि पैसे मिळाले हेही. ‘रिव्ह्यू काढलात तरच पैसे देऊ’ असे तो म्हणाला तर ते लेखी मागून घ्या आणि त्याचेच शब्द त्या नोंदीत उतरवा. मात्र ‘पैसे द्या, नाहीतर आणखी वाईट लिहीन’ असे तुमच्याकडून कधीही, फोनवरसुद्धा, जाऊ देऊ नका. तसे वाक्य एकदा त्याच्या हाती लागले की तुमचे मोजलेले पाच जोड आणि सहा स्क्रू बाजूला पडतील आणि चर्चा तुमच्या हेतूवर सुरू होईल.